शिवछत्रपतींची राजवट : राज्यारोहणापासून निधनापर्यंतचा काळ आणि राज्याभिषेक शकाची गणना

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण मराठेशाहीतील पत्रव्यवहाराची भाषा पाहिली. त्या पत्रांच्या मायन्यात वारंवार येणारा एक आकडा तेव्हा आपण बाजूला ठेवला होता. तो म्हणजे राज्याभिषेक शकाचा आकडा. या घटकात शिवाजी महाराजांचे चरित्र पाहताना त्याच आकड्याचा माग काढावयाचा आहे. महाराजांनी राज्य किती वर्षे केले, हा प्रश्न वरकरणी सोपा वाटतो. परंतु त्याला पाच, सहा आणि सात अशी तीन उत्तरे देता येतात. तिन्ही आकडे योग्य रीतीने काढलेले असू शकतात. मात्र कोणता आकडा कशाचा, हे ज्याला ठाऊक नाही तो अभ्यासक पत्राचा काळ एका वर्षाने चुकवतो.

आज सर्वसाधारणपणे मान्य असलेल्या तिथीनुसार महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य ३, शके १५५१ या दिवशी, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरी किल्ल्यावर झाला. पूर्वी वैशाख शुद्ध २, शके १५४९ ही तिथी प्रचारात होती. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली प्रसिद्ध केली आणि तिच्यामुळे हा निर्णय बदलण्यास बळ मिळाले. शकावली म्हणजे घटनांची तिथीवार टिपणे. बखरीत घटना रंगवून सांगितलेली असते, तर शकावलीत ती दोन ओळींत उरकलेली असते. कालनिर्णयासाठी आपल्याला ही रुक्ष साधनेच अधिक उपयोगी पडतात.

तोरणा आणि राजगड यांपासून सुरू झालेली वाटचाल आपणांस परिचित आहे. १६५६ मध्ये जावळी हाती आली, नोव्हेंबर १६५९ मध्ये प्रतापगडाखाली अफझलखान मारला गेला, १६६५ मध्ये पुरंदरचा तह करावा लागला, १६६६ मध्ये आग्र्याहून सुटका झाली आणि १६७० पासून गेलेले किल्ले पुन्हा जिंकले गेले. या सर्व काळात महाराज सत्ता चालवीत होते, महसूल घेत होते, न्याय देत होते. त्यांची स्वतःची मुद्राही होती. तरीही हा काळ आपण राजवटीच्या मोजमापात धरत नाही. कारण राज्यकारभार करणे आणि राज्यारोहण होणे या कालगणनेच्या दृष्टीने भिन्न गोष्टी आहेत. राज्यवर्षांची मोजणी विधिपूर्वक सिंहासनावर बसल्या दिवसापासून सुरू होते. महाराजांनी सुमारे तीस वर्षे सत्ता चालविली असे म्हणणे रास्त आहे. तीस वर्षे ते अभिषिक्त राजे होते असे म्हणणे मात्र चूक आहे.

तो दिवस उजाडला रायगडावर. गागाभट्टांच्या देखरेखीखाली विधी झाले आणि शके १५९६, आनंद संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शनिवार, ६ जून १६७४ हा दिवस राज्याभिषेकाचा म्हणून रूढ झाला. परंतु जेधे शकावली उघडल्यास तेथे द्वादशी आणि शुक्रवार आढळतो. साधनांमध्ये विरोध आहे असे समजून घाईने एकाला खोटे ठरवू नये. शकावली पुढे असेही नोंदविते की तीन घटका रात्र उरली असता महाराज सिंहासनावर बसले. एक घटका म्हणजे चोवीस मिनिटे. तेव्हा हा क्षण सूर्योदयापूर्वी सुमारे बहात्तर मिनिटांचा. आपल्या परंपरेत दिवस सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत मोजतात आणि सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाला देतात. म्हणून तो क्षण अद्याप शुक्रवारचा, द्वादशीचाच होता. प्रत्यक्ष आकाशात मात्र त्या रात्री त्रयोदशी लागलेली होती, आणि मध्यरात्री दिवस बदलणाऱ्या इंग्रजी पद्धतीने शनिवार, ६ तारीख सुरू झालेली होती. क्षण एकच, मोजण्याच्या रीती दोन.

या सोहळ्यानंतर अकरा दिवसांनी, ज्येष्ठ वद्य ९ रोजी, जिजाबाईंचे निधन झाले. पुढे आश्विन शुद्ध ५, म्हणजे २४ सप्टेंबर १६७४ रोजी, निश्चलपुरी गोसावी यांच्या हस्ते तांत्रिक पद्धतीने दुसरा अभिषेक झाला. येथे साहजिकच शंका उद्भवते : राज्यवर्षे कोणत्या अभिषेकापासून मोजावयाची? दरबाराने स्वतःच याचा निकाल लावलेला आहे. राज्याभिषेक शकाचे वर्ष बदलते ते ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, आश्विन पंचमीला नव्हे.

अभिषेकानंतरचा काळ थोडा, पण विलक्षण भरलेला होता. १६७७ मध्ये महाराज दक्षिणेकडे निघाले, भागानगरास कुतुबशहाची भेट घेतली आणि जिंजीपर्यंतचा मुलूख जोडला. परतल्यावर मात्र घरातील दुःख वाट्याला आले. १६७८ च्या अखेरीस संभाजीराजे दिलेरखानाच्या गोटात गेले आणि सुमारे वर्षभराने परत आले. त्यानंतर थोड्याच महिन्यांत, शके १६०२, रौद्र संवत्सर, चैत्र शुद्ध पौर्णिमा, शनिवार, ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर महाराजांनी देह ठेवला. वय पन्नास वर्षे, एक महिना आणि पंधरा दिवस.

आता कागद-पेन्सिल घ्यावी. ६ जून १६७४ पासून ६ जून १६७९ पर्यंत पाच वर्षे पूर्ण होतात. तेथून ६ मार्च १६८० पर्यंत नऊ महिने, आणि ३ एप्रिलपर्यंत आणखी अठ्ठावीस दिवस. म्हणजे राजवट पाच वर्षे, नऊ महिने, अठ्ठावीस दिवसांची. दिवसांत मोजल्यास २१२८ भरतात. यात १६७६ आणि १६८० या दोन लीप वर्षांचे वाढीव दिवस आलेले आहेत. या आकड्याला सातने भागून पाहा : बरोबर ३०४ आठवडे, बाकी शून्य. आरंभ शनिवारी आणि शेवटही शनिवारी असल्याने बाकी शून्यच यावयास हवी होती. वाराचा हा ताळा नेहमी घ्यावा. त्या काळी मुंबई-सुरतेचे इंग्रज जुने, ज्यूलियन पंचांग वापरीत आणि आपल्या तारखाही त्याच पंचांगाच्या आहेत. फ्रेंच आणि पोर्तुगीज नवे पंचांग वापरीत; त्यानुसार राज्याभिषेक १६ जूनला पडतो. एखाद्याने आरंभ नव्या पंचांगाने आणि शेवट जुन्याने धरला, तर दिवस २११८ येतील, सातने भागून बाकी चार उरेल, आणि चूक लगेच हाती लागेल.

तिथींनी हीच मोजणी केल्यास पाच वर्षे, दहा महिने आणि दोन तिथी येतात. तारखांच्या उत्तराशी हे जुळत नाही असे वाटेल. परंतु या अवधीत दोन अधिक मासही येऊन गेले होते. सत्तर महिने आणि ते दोन मिळून बहात्तर चांद्रमास; प्रत्येकी सुमारे २९.५३ दिवस धरल्यास २१२६ दिवस, वर दोन तिथी. पुन्हा २१२८.

हा झाला राजवटीचा अवधी. राज्यवर्षाचा क्रमांक ही निराळी गोष्ट आहे. अवधी सांगताना आपण पूर्ण झालेली वर्षे मोजतो. क्रमांक देताना चालू वर्ष मोजले जाते. सिंहासनावर बसल्याच्या पहिल्या दिवशीच राज्याभिषेक शक १ सुरू झाला; शून्य वर्ष नसते. म्हणून पाच वर्षे पूर्ण करून सहाव्यात महाराजांचे निधन झाले, आणि त्या दिवशी राज्याभिषेक शक ६ चालू होता. शालिवाहन शकाची वर्षे बोटांवर मोजली, तर १५९६ पासून १६०२ पर्यंत सात वर्षांना या राजवटीचा स्पर्श झाला. आरंभी उल्लेखिलेले पाच, सहा, सात हे आकडे असे सिद्ध होतात.

शालिवाहन शक चैत्र शुद्ध प्रतिपदेला बदलतो, राज्याभिषेक शक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला. त्यामुळे दोहोंतील अंतर वर्षभर सारखे राहत नाही. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीपासून फाल्गुनअखेरपर्यंत राज्याभिषेक शकात १५९५ मिळवावेत. चैत्रारंभापासून ज्येष्ठ शुद्ध द्वादशीपर्यंत १५९६ मिळवावेत. चुका होतात त्या याच अडीच महिन्यांच्या पट्ट्यात. समजा, एका पत्रावर राज्याभिषेक शक ३, पिंगल संवत्सर, वैशाख मास असा काळ आहे. सवयीने १५९५ मिळविल्यास शके १५९८ येईल. पण त्या वर्षीचे संवत्सर नल होते, पिंगल नव्हे. १५९६ मिळविल्यास शके १५९९ येते आणि त्याचे संवत्सर पिंगलच आहे. पत्र १६७७ च्या वसंतातील ठरते. संवत्सराचे नाव मायन्यात केवळ शोभेसाठी नसते. ते पाडव्याला बदलत असल्याने आपल्या बेरजेवर पहारा ठेवते.

शेवटी एक भेद लक्षात घ्यावा. मोगल दरबारातील जुलूस वर्षे प्रत्येक बादशहाबरोबर नव्याने एकपासून सुरू होत, आणि ती हिजरी चांद्रवर्षे असल्याने सौर वर्षांपेक्षा भराभर वाढत. औरंगजेब १ जिल्काद १०६८ रोजी प्रथम तख्तावर बसला आणि २८ जिल्काद १११८ रोजी वारला. हिजरी हिशेबाने पन्नास वर्षे उलटून एक्कावन्नावे चालू होते; सौर हिशेबाने मात्र एकोणपन्नास वर्षेही पुरी झाली नव्हती. महाराजांचा शक असा व्यक्तीबरोबर संपला नाही. त्यांच्या निधनानंतर सुमारे दोन महिन्यांनी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी आली आणि राज्याभिषेक शक ७ सुरू झाला. संभाजीराजांनी, पुढे राजाराम महाराजांनी व शाहू महाराजांनी तोच क्रम चालविला. पेशवाईच्या कागदांतही तो आढळतो. म्हणून सातच्या वरचा कोणताही आकडा शिवछत्रपतींच्या हयातीतील पत्रावर असू शकत नाही. सातचा आकडाही नाही. सहाच्या आकड्याचे पत्र मात्र चैत्र पौर्णिमेच्या अलीकडचे की पलीकडचे, हे मास आणि तिथी पाहूनच ठरवावे लागते.