विश्लेषण : ‘रोप’ ते ‘सायको’, हिचकॉकने कात्री कधी थांबवली, कधी चालवली?

आल्फ्रेड हिचकॉकचा जन्म १३ ऑगस्ट १८९९ रोजी लंडनजवळच्या लेटनस्टोनमधला. अभियांत्रिकीचे प्राथमिक धडे, मग विजेच्या केबल बनवणाऱ्या कंपनीत नोकरी आणि तिथून मूकपटांच्या पाट्या तयार करण्याचं काम, असा त्याचा प्रवास. १९३९ मध्ये तो हॉलिवूडला गेला.

‘रोप’मध्ये नेमकं काय केलं?

१९४८ च्या या चित्रपटात दोन तरुण मित्राचा खून करतात, मृतदेह पेटीत ठेवतात आणि त्याच पेटीवर पाहुण्यांना जेवण वाढतात. सुमारे ८० मिनिटांचा चित्रपट जेमतेम दहा-अकरा शॉटमध्ये उरकला आहे. यापेक्षा लांब शॉट शक्य नव्हता. कॅमेऱ्यात १,००० फूट फिल्म मावायची आणि ती मिनिटाला ९० फूट सरकायची, म्हणजे ११ मिनिटांत संपायची. कॅमेऱ्याला वाट मिळावी म्हणून सेटच्या भिंतीही सरकत्या होत्या. काही जोड कोटाच्या पाठीवर कॅमेरा नेऊन लपवले, काही ठिकाणी मात्र सरळ कट आहे.

याचा ताण एका प्रसंगात स्पष्ट जाणवतो. मोलकरीण पेटीवरची भांडी एकेक करून आत नेते. पाहुण्यांचं बोलणं ऐकू येतं, पण कॅमेरा पेटीवरून हलत नाही. आता ती झाकण उघडणार, हे आपल्याला दिसतं. कट नसल्याने वेळ खरा वाटतो आणि सुटकाही नसते.

तोटा काय? रेंगाळलेला क्षण संकलनात छाटता येत नाही. हिचकॉकने पुढे हा प्रयोग म्हणजे आपल्याच संकलन-विचाराशी केलेली फारकत असल्याचं मान्य केलं.

‘सायको’त उलट का?

१९६० च्या ‘सायको’तील स्नानगृहातला खून सेन्सॉरमुळे उघड दाखवता येणार नव्हता. सुमारे तीन मिनिटांच्या या दृश्याला सात दिवस लागले. चाकू, हात, चेहरा, पाणी असे तुकडे झपाट्याने बदलतात. डोळा एका चित्रावर स्थिरावण्याआधी दुसरं येतं. चाकू शरीरात शिरताना जवळजवळ दिसतच नाही. तो घाव प्रेक्षक मनात जोडतो. इथे वास्तव कमी, धक्का जास्त.

पण खुनानंतर वेग एकदम उतरतो. कॅमेरा मृत डोळ्यापासून सावकाश मागे येतो, मग खोलीतल्या वर्तमानपत्राकडे जातो. त्यात दडवलेले पैसे तसेच पडलेले असतात. नुसते कटच चालू राहिले असते तर डोळा सरावला असता. वेग मोडल्यामुळेच ती शांतता अंगावर येते.

२९ एप्रिल १९८० रोजी हिचकॉकचं लॉस एंजेलिसमध्ये निधन झालं. त्याच्या या दोन चित्रपटांतून एक फरक लक्षात राहतो: धोका प्रेक्षकाला आधीच ठाऊक असेल तर लांब शॉट ताण वाढवतो, आणि तो अचानक कोसळणार असेल तर कट.