मिठाचा मण, खोताचा वाटा आणि अर्थशास्त्रज्ञ बाबासाहेब

या देशात एक वर्ग स्वतःला मोठ्या अभिमानाने करदाता म्हणवून घेतो. तो आयकर भरतो, म्हणून सरकार आपल्याच पैशांवर चालते असे त्याला वाटते. साबणाची वडी घेणारी मोलकरीण त्याच्या लेखी करदाती नसते. हा भ्रम जुना आहे, आणि तो आकड्यांनिशी उघडा पाडणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. बाबासाहेबांना आपण घटनाकार आणि मुक्तिदाता म्हणून ओळखतो, पण करशास्त्राचे अभ्यासक म्हणून फारसे ओळखत नाही.

१९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तिथे त्यांचे गुरू होते प्रा. सेलिग्मन. एखाद्याकडून वसूल केलेला कर शेवटी कोणाच्या माथी बसतो, या प्रश्नावर सेलिग्मन यांचा स्वतंत्र ग्रंथ होता. सरकारी तिजोरीत पैसे भरतो तो एक आणि सोसतो तो दुसरा, असे घडू शकते. व्यापारी कर भरतो आणि किमतीत मिसळून गिऱ्हाइकाकडून काढून घेतो. याला करसंक्रमण म्हणतात. ज्याला तो पुढे कोणावरही ढकलता येत नाही, त्याच्यावर खरा करभार. आपल्या समाजव्यवस्थेत ढकलायला खाली कोणीच उरले नव्हते असा माणूस कोण, हे बाबासाहेबांना शिकवावे लागले नसेल.

ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. प्रस्तावना सेलिग्मन यांचीच. ज्या राजवटीचा हा इतिहास आहे, तिच्या वसुलीचे मोठे आधार शेतसारा आणि मीठकर हे होते. आयकर १८६० मध्ये आला, बंद झाला, पुन्हा आला, १८७३ मध्ये पुन्हा गेला आणि १८८६ मध्ये कायम झाला. पैसेवाल्यांवरचा कर असा येत-जात राहिला. मिठावरचा कर मात्र एकदाही सुटला नाही.

मिठाचाच हिशेब करू. १९२३ साली मिठावरचा कर मणाला सव्वा रुपयावरून अडीच रुपये केला गेला. पुढच्या वर्षी तो पुन्हा सव्वा रुपयावर आला. समजा, एका कुटुंबाला वर्षाला मणभर मीठ लागते. शंभर रुपये कमावणाऱ्या मजुराचे अडीच रुपये गेले, म्हणजे शेकडा अडीच. पाच हजार कमावणाऱ्या वकिलाचेही अडीचच गेले, म्हणजे शंभर रुपयांमागे पाच पैसेसुद्धा नाहीत अशी गत, कारण त्या काळी रुपयाचे चौसष्ट पैसे होते. मीठ महागले म्हणून मजूर ते खाणे सोडू शकत नाही. ज्या वस्तूवाचून भागत नाही तिच्यावरचा कर विकणाऱ्याला अंगावर घ्यावा लागत नाही.

पण अप्रत्यक्ष कर तेवढा वाईट आणि प्रत्यक्ष कर चांगला, इतके हे सोपे नाही. शेतसारा तर थेट खातेदाराकडून घेतला जाई. १९२७ साली मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना बाबासाहेबांनी याच सरळ दिसणाऱ्या करावर बोट ठेवले. आयकर उत्पन्नावर होता आणि दोन हजारांखाली माफ होता. सारा जमिनीवर होता. एक एकरवाल्याला माफी नाही आणि पीक बुडाले तरी तहकुबी मिळेल ती सरकारच्या मर्जीने.

कोकणात आणखी एक पायरी होती. सरकारला सारा भरायचा खोत, आणि भात पिकवायचे कूळ. सरकारी कागदावर करदाता खोत. तो कुळाकडून पिकाचा मोठा वाटा उचलून त्यातला थोडा सरकारला देई. अशा ठिकाणी सरकारने सारा घटवला, तर सूट खोताच्या घरात राहणार, कारण कुळाला दुसरी जमीन कुठे होती? म्हणून साराकपातीने भागणार नव्हते. बाबासाहेबांनी सप्टेंबर १९३७ मध्ये खोतीच रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून आले.

सर्वांत जड कर मात्र कोणत्याच अर्थसंकल्पात नव्हता. महार वतनदाराला सरकारचे काम रात्री-अपरात्री करावे लागे. मोबदल्यात वतनाची जमीन, तीही वाटणीत तुकडे झालेली, आणि गावाकडून बलुते, जे देणे न देणे गावाच्या हातात. पगार द्यायचे टाळून सरकारने जे वाचवले तो करच होता. तो घामातून भरला जाई आणि जातीवर बसवलेला होता. १९२८ साली बाबासाहेबांनी वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. बलुत्याचे पैशांत रूपांतर करून ते साऱ्याबरोबर वसूल करावे, अशी त्यात तरतूद होती. म्हणजे गावाचे देणे गावाच्या दयेवर न राहता सरकारी हिशेबात दिसले असते. विधेयक इतके छाटले गेले की १९२९ मध्ये त्यांनी ते मागे घेतले. खोती १९४९ च्या कायद्याने गेली. महारकी वतने संपवणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले, तेव्हा बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण होऊन दोन वर्षे उलटत आली होती.