जामिनी राय

बंगालच्या पश्चिम भागात बांकुडा नावाचा जिल्हा आहे. तेथील जमीन तांबडी व खडकाळ असून मधूनमधून सालवृक्षांची राने आहेत. या जिल्ह्यातील बेलियातोड या खेडेगावात ११ एप्रिल १८८७ रोजी जामिनी राय यांचा जन्म झाला. त्यांचे वडील रामतारण राय हे सरकारी नोकरी सोडून गावी येऊन शेती करीत राहिले होते. त्यांना स्वतःलाही चित्रे काढण्याचा छंद होता.

लहानग्या जामिनीचे मन घरापेक्षा गावातच अधिक रमे. कुंभाराच्या आळीत मूर्ती घडत, सुतार लाकडाच्या बाहुल्या रंगवीत, सणासुदीला बायका अंगणात तांदळाच्या पिठीने अल्पना काढीत. आपल्याकडे जशी रांगोळी, तशीच बंगालमध्ये अल्पना. मात्र ती कोरड्या पिठीने न काढता पाण्यात कालवलेल्या पिठीत बोट बुडवून काढतात. गावाजवळच संथाळ लोकांची वस्ती होती. शिवाय अधूनमधून पटुआ येत. पटुआ म्हणजे पट रंगवणारे पिढीजात चित्रकार. लांबलचक गुंडाळीवर देवादिकांच्या कथा चितारून ती एकेक चित्र उलगडीत ते गात, आणि गावकरी त्यांना मूठभर तांदूळ घालीत. या चित्रांतील माणसांचे डोळे मोठे, लांबट, बदामाच्या आकाराचे असत. भोवतीची काळी रेघ जाड व ठसठशीत असे. जामिनी ते सारे तासन्‌तास पाहत बसे.

वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांना कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत घालण्यात आले. तेथे निराळेच जग होते. समोर पुतळा किंवा माणूस बसवावयाचा, त्याच्यावर एका बाजूने पडणारा प्रकाश न्याहाळावयाचा, आणि उजेडाकडचा गाल उजळ व पलीकडचा गाल गडद रंगवून सपाट कापडावर गोलाईचा भास निर्माण करावयाचा, ही युरोपातून आलेली रीत तेथे शिकवीत. जामिनी राय यांनी ती उत्तम आत्मसात केली. १९०८ मध्ये त्यांनी शाळेची पदविका मिळविली, आणि पुढे व्यक्तिचित्रे रंगवणारे म्हणून त्यांचे नाव झाले. शहरातील सधन घराण्यांतून त्यांच्याकडे मागणी येई. कोणाला स्वतःचे तैलचित्र हवे असे, तर कोणाला दिवंगत वडिलांचे छायाचित्रावरून मोठे चित्र करून हवे असे. चेहरा हुबेहूब उतरला की गिऱ्हाईक संतुष्ट होई व पैसेही बरे मिळत.

पण चित्रकार स्वतः संतुष्ट नव्हता. काम निर्दोष असूनही त्यात आपले असे काहीच नाही, हात आपला असला तरी डोळा परक्याचा आहे, असे त्यांना वाटू लागले. १९२० नंतरच्या काही वर्षांत ही अस्वस्थता इतकी वाढली, की चालत्या धंद्याकडे त्यांनी हळूहळू पाठ फिरविली. पदरी पत्नी व मुले होती. व्यक्तिचित्रांचे उत्पन्न गेले आणि त्याच्या जागी काहीच आले नाही. बागबाजारातील लहानशा घरात त्यांनी काही वर्षे फार ओढगस्तीत काढली. लोकांना हा वेडेपणा वाटला असल्यास त्यांना दोष देता येणार नाही. कारण हा मनुष्य एवढे शिकून पुन्हा खेड्यातल्या पटुआसारखे चित्र काढू पाहत होता.

प्रथम त्यांची दृष्टी कालीघाटाच्या पटांकडे वळली. कलकत्त्याच्या कालीमंदिरापाशी एकोणिसाव्या शतकात पटुआंची वस्ती झाली होती. यात्रेकरूंसाठी ते गिरणीच्या कागदावर भराभर चित्रे काढून अल्प किमतीस विकीत. पुढे छापील चित्रे आणखी स्वस्त झाली आणि हा धंदा बुडाला. एका फटकाऱ्यात खांद्यापासून मनगटापर्यंत जाणारी त्यांची रेषा जामिनी राय यांनी अभ्यासिली. परंतु शहरी गिऱ्हाइकाच्या आवडीने ही कला काहीशी बदलली आहे, कडेकडेने छायाही देऊ लागली आहे, असे त्यांच्या ध्यानात आले. म्हणून ते आणखी मागे, आपल्या बांकुड्याच्या खेड्यांतील पटुआंकडे गेले. तेथे त्यांनी जुने पट जमविले, आणि हे लोक रंग कसे करतात, हात कसा चालवतात, हे विद्यार्थ्यासारखे पाहिले.

मग त्यांनी विलायती तैलरंग बाजूस सारले. गावच्या मातीतून व बाजारहाटातून जे मिळे त्यातूनच ते रंग करू लागले. हिंगुळापासून शेंदरासारखा लाल, निळीपासून निळा, खडूपासून पांढरा, नदीच्या गाळापासून राखी, दगडांची पूड करून तांबडा व पिवळा, आणि दिव्याच्या काजळीपासून काळा. रंग मोजकेच, बहुधा सातच. नुसती पूड मात्र पृष्ठभागाला धरत नाही. त्यासाठी चिंचोके भिजवून, त्यांची टरफले काढून, वाटून, पाण्यात शिजवून खळ करीत व तीत रंग कालवीत. या खळीचे प्रमाण नेमके साधावे लागते. खळ कमी पडली तर वाळलेल्या रंगावरून बोट फिरवताच पूड बोटाला लागते. अधिक झाली तर रंगाला नको ती चकाकी येते आणि पुढे त्याचे पापुद्रे सुटतात. कागद महाग म्हणून ते हातमागाचे कापड, लाकडी फळी, विणलेली चटई, असे मिळेल ते घेत व त्यावर चुन्याचा किंवा मातीचा लेप देऊन गुळगुळीत जमीन तयार करीत.

आई व मूल हा विषय त्यांनी अनेकदा रंगविला आहे. पूर्वीच्या रीतीने हे चित्र काढावयाचे असते, तर एक विशिष्ट स्त्री समोर बसवावी लागली असती. तिच्या गालावरचा उजेड, साडीच्या चुण्या, मागील खोलीतला अंधार, सारे दाखवावे लागले असते. नव्या रीतीत पहिले काम रेषेचे होते. डोक्यावरच्या पदरापासून निघालेली एक मोठी वळणदार रेषा खांद्यावरून उतरून पार खालपर्यंत येते, आणि तिच्या कवेत मूल सामावून जाते. ही रेषा थबकली किंवा थरथरली की ताबडतोब कळते, कारण चूक झाकायला छाया उरलेलीच नसते. रेषांनी जे कप्पे पडतात त्यांत रंग भरावयाचा तो एकसारखा. साडी लाल तर सर्वत्र तोच लाल. ना कोठे गडद, ना कोठे फिका. त्यामुळे शेजारी कोणता रंग ठेवावा यावरच चित्राचा तोल अवलंबून राहतो. लालाच्या कडेला राखी आला की लाल पुढे येतो. निळा आला तर दोघांची झुंज लागते व मधली काळी रेघच ती झुंज आवरते.

डोळ्यांचे तर विशेषच. ते जवळजवळ कानापर्यंत पोहोचतात, आणि काही चित्रांत त्यांना बुबुळही नसते. चेहऱ्याच्या मानाने ते फार मोठे आहेत हे लहान मूलही सांगेल. तथापि हे अज्ञानाने घडलेले नाही. हुबेहूब डोळा काढणे ज्याला साधले होते, त्याच हाताने हे डोळे मुद्दाम वाढविले आहेत. बंगालमध्ये दुर्गेच्या मातीच्या मूर्तीला डोळे सर्वांत शेवटी रंगवतात. त्या विधीला चक्षुदान म्हणतात. संथाळांच्या वस्त्यांत फिरणारे जादू पटुआ मृत माणसाचे चित्र बुबुळावाचून काढतात, आणि नातलगांनी दान दिल्यावर बुबुळ रंगवून त्याला जणू दृष्टी देतात. जेथे डोळ्याला असा मान आहे, तेथल्या चित्रकाराला तो गालाएवढा करावासा वाटला यात नवल नाही.

मागची जागाही त्यांनी मोकळी सोडली नाही. व्यक्तिचित्रात माणसामागे पडदा, खुर्ची किंवा झाडी असे, आणि ती दूर असल्याचा आभास निर्माण करावा लागे. येथे दूर व जवळ असा भेदच नाही. म्हणून मागे पानांच्या ओळी, ठिपके, फुले, लाटांसारख्या रेघा आल्या आणि चौफेर अल्पनेसारखी किनार आली. चटईवर रंगविलेल्या चित्रांत तर विणीचे उंचवटेच रंगाचे बारीक चौकोन पाडतात. गोपी, संथाळ स्त्रिया, कृष्ण-बलराम, मांजरे हे विषय त्यांनी हाताळलेच. पण ख्रिस्ताचे जीवनही याच डोळ्यांनी व याच रेषेने रंगविले.

१९३८ मध्ये कलकत्त्याच्या ब्रिटिश इंडिया स्ट्रीटवर त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शहरात आलेले इंग्रज व अमेरिकन सैनिक त्यांच्या घरी येऊन चित्रे विकत घेऊ लागले. १९४६ मध्ये लंडन येथे आणि १९५३ मध्ये न्यूयॉर्क येथे प्रदर्शने भरली. १९५४ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताब दिला, तर १९५५ मध्ये ललित कला अकादमीने त्यांचा सन्मान केला. किंमत मात्र त्यांनी अखेरपर्यंत बेताचीच ठेवली. चित्र श्रीमंतांच्या दिवाणखान्यात अडकून न पडता साध्या घरात जावे, असा त्यांचा हेतू होता.

या हेतूसाठी त्यांनी पटुआंची आणखी एक रीत उचलली. पटुआच्या घरी सारे कुटुंब एकत्र काम करते: कोणी रंग वाटतो, कोणी भरतो, कोणी रेघा ओढतो. जामिनी राय यांच्या घरीही मुले व सहकारी हाताशी असत, आणि एकच चित्र पुनःपुन्हा काढले जाई. एकमेव मूळ चित्र ही कल्पनाच त्यांना मान्य नव्हती. यावर टीकाही झाली, आणि ती सर्वस्वी अनाठायी म्हणता येत नाही. शंभरदा काढलेल्या आकृतीत पहिल्या वेळची ताजी ओढ सदैव राहत नाही.

१९४९ पासून ते बालीगंज येथे स्वतःच्या घरात राहत होते. तेथेच २४ एप्रिल १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. १९७६ मध्ये सरकारने त्यांच्या चित्रांची गणना राष्ट्राच्या कलानिधीत केली. तेव्हापासून ती देशाबाहेर विकता येत नाहीत. त्यांच्या मागे या चित्रांचे मोल चढत गेले आणि नकलाही निपजल्या. सपाट रंग व मोठे डोळे यांची नक्कल करणे अवघड नाही. म्हणून जाणकार चित्र हाती आले की प्रथम त्यातील लांब काळी रेषा पाहतात: ती एका दमात उतरली आहे, की जागोजागी थांबून पुन्हा जोडली आहे. तरीही पित्याच्या हाताखाली मुलाने ओढलेली रेषा कोणती आणि पित्याची कोणती, हे सांगताना जाणकारदेखील पुष्कळदा अडखळतात.