कंसाशिवाय गणित लिहिणारा तर्कज्ञ

यान वुकाशेविच यांचा जन्म २१ डिसेंबर १८७८ चा. गाव लव्हूव्ह. तेव्हा ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते, पुढे पोलंडमध्ये आले आणि आज युक्रेनमध्ये ल्विव्ह नावाने आहे. तिथेच शिकून १९०२ मध्ये त्यांनी तत्त्वज्ञानात डॉक्टरेट मिळवली. १९१५ मध्ये ते वॉर्सा विद्यापीठात गेले. पोलंड स्वतंत्र झाल्यावर १९१९ मध्ये काही काळ शिक्षणमंत्री झाले आणि विद्यापीठाचे कुलगुरूपदही त्यांनी दोनदा सांभाळले. पण मन रमायचे ते तर्कशास्त्रातच.

तर्कशास्त्राची सूत्रे तेव्हा कंसांनी गजबजलेली असत. एक कंस चुकीच्या जागी पडला की अर्थच बदलायचा. १९२४ च्या सुमारास वुकाशेविच यांना एक सोपा उपाय सुचला: क्रियेची खूण दोन गोष्टींच्या मधे न लिहिता आधी लिहायची. 'p असेल तर q नाही' हे ते CpNq असे लिहीत. C म्हणजे 'जर-तर', N म्हणजे 'नाही'. कोणती खूण किती गोष्टींवर चालते एवढे ठाऊक असले की वाचण्याचा मार्ग एकच उरतो आणि कंसाची गरजच संपते. त्यांचे आडनाव परदेशी जिभांना जड, म्हणून जगाने या लेखनाला 'पोलिश पद्धत' म्हणून टाकले. संशोधकाऐवजी देशाचे नाव राहिले.

आपण शाळेत शिकतो ती पद्धत मधल्या खुणेची, म्हणजे इनफिक्स. तिच्यात २ + ३ × ४ चे उत्तर १४ की २० हे ठरवायला 'कंचेभागुबेव' पाठ करावे लागते. माणसाची नजर पुढे-मागे फिरते, त्यामुळे आपले निभते. यंत्र मात्र डावीकडून एकेक खूण वाचत जाते. २ + वाचून झाले तरी पुढे गुणाकार येणार आहे की नाही, हे त्याला कळत नाही.

यातून सुटायचे तर खूण शेवटी लिहायची: २ ३ ४ × +. याला पोस्टफिक्स किंवा उलटी पोलिश पद्धत म्हणतात. खूण येईपर्यंत तिला लागणाऱ्या संख्या आधीच हाताशी आलेल्या असतात. ऑस्ट्रेलियातील तत्त्वज्ञ चार्ल्स हॅम्ब्लिन यांनी १९५७ मध्ये ही पद्धत संगणकासाठी मांडली. वुकाशेविच त्याच्या आदल्याच वर्षी गेले होते.

आता प्रश्न उरतो तो माणसाने नेहमीसारखे लिहिलेले गणित यंत्राने असे कसे उलटवायचे, हा. त्यासाठी दोन साध्या व्यवस्था लागतात. एक रांग, म्हणजे क्यू. रेशन दुकानापुढे असते तशी, जो आधी आला तो आधी बाहेर. दुसरी चळत, म्हणजे स्टॅक. जेवणावळीतल्या ताटांसारखी, शेवटी ठेवलेले ताट आधी उचलायचे. संख्या सरळ उत्तराच्या रांगेत जातात, त्यांचा क्रम कधीच बदलत नाही. खुणांना मात्र चळतीवर थांबावे लागते. डच संगणकतज्ज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९६० च्या सुमारास ही रीत बांधली. डबे बाजूच्या रुळावर उभे करून योग्य वेळी गाडीला जोडावेत तशी ती चालते, म्हणून तिचे नाव शंटिंग यार्ड पडले.

२० − (१ + ३) × २ − ५ हे उदाहरण घेऊ. २० रांगेत जातो, वजा चळतीवर. उघडा कंस चळतीवर ठेवायचा. तो जणू तात्पुरता तळ, त्याच्याखाली हात घालायचा नाही. १ रांगेत, अधिक चळतीवर, ३ रांगेत. बंद कंस आला की उघडा कंस दिसेपर्यंत वरच्या खुणा काढून रांगेत पाठवायच्या. इथे अधिक जाते आणि कंसांची जोडी फेकून दिली जाते. रांग आता २० १ ३ + अशी आहे. मग गुणिले येतो. चळतीवर वजा आहे, पण त्याचा मान कमी, म्हणून गुणिले त्याच्यावर बसतो. २ रांगेत जातो.

आता दुसरा वजा येतो, आणि शिकणारे बहुतेक इथेच अडखळतात. वरचा गुणिले मोठ्या मानाचा, तो आधी बाहेर पडतो. त्याखालचा वजा बरोबरीचा, पण तोही बाहेर काढायचा, कारण वजाबाकी डावीकडून होते. मग नवा वजा चळतीवर बसतो, ५ रांगेत जातो आणि शेवटी उरलेला वजाही निघतो. हाती येते २० १ ३ + २ × − ५ −. त्यात एकही कंस नाही.

हे सोडवायलाही चळतच लागते, फक्त आता तिच्यावर संख्या ठेवायच्या. खूण आली की वरच्या दोन संख्या उचलायच्या आणि उत्तर परत ठेवायचे. १ आणि ३ चे ४ होतात, ४ आणि २ चे ८, २० मधून ८ गेले की १२, त्यातून ५ गेले की ७. वजाबाकीत आधी उचललेली संख्या दुसरीतून वजा करायची. उलट केले तर शेवटी ७ ऐवजी भलतेच काही हाती लागते. आणि बरोबरीचा वजा चळतीवरच ठेवला असता, तर आधी ८ मधून ५ गेले असते आणि उत्तर १७ आले असते. यंत्राने कुरकूर केली नसती, म्हणून ही चूक लबाड. बाकीच्या चुका लगेच दिसतात: खूण आली आणि चळतीवर दोन संख्या नाहीत, किंवा शेवटी एकाहून जास्त संख्या उरल्या, तर मूळ गणितच अपुरे लिहिलेले असते.

वुकाशेविच यांच्या वाट्याला यातले काहीच आले नाही. सप्टेंबर १९३९ मध्ये वॉर्सावर बॉम्ब पडले, त्यात त्यांचे घर जळाले. त्यात ग्रंथसंग्रह गेला, हस्तलिखिते गेली. १९४४ मध्ये ते पत्नी रेगिना यांच्यासह वॉर्सा सोडून निघाले. जर्मनीतील तर्कज्ञ हाइनरिख शोल्त्स यांच्या मदतीने ते म्युन्स्टरला पोहोचले. युद्धानंतर ब्रसेल्स झाले, मग १९४६ मध्ये डब्लिन. तिथे रॉयल आयरिश अकादमीत त्यांच्यासाठी गणिती तर्कशास्त्राचे अध्यापकपद निघाले. साठीपुढच्या वयात, परक्या भाषेत, त्यांनी ॲरिस्टॉटलच्या तर्कपद्धतीवरचा ग्रंथ नव्याने उभा केला. तो १९५१ मध्ये निघाला. १३ फेब्रुवारी १९५६ रोजी डब्लिनमध्येच त्यांचे निधन झाले.

१९७२ मध्ये एचपी-३५ हा खिशात मावणारा कॅल्क्युलेटर आला. त्यावर बरोबरचे चिन्ह नव्हते. त्याजागी एंटर नावाची मोठी कळ होती. १ आणि ३ सलग दाबले तर ते तेरा होतात, म्हणून दोन संख्यांमधे एंटर दाबून पहिली चळतीवर चढवायची. ही चळत फक्त चार मजली होती.