अग्रिप्पाचा कालवा आणि मिलिमीटरचा हिशेब

मार्कस अग्रिप्पा हे नाव इतिहासात प्रामुख्याने सेनानी म्हणून येते. सामान्य कुळात जन्मलेला हा माणूस सम्राट ऑगस्टसचा बालमित्र आणि पुढे जावई झाला. इ. स. पूर्व ३१ मध्ये अ‍ॅक्टियमच्या आरमारी लढाईत त्याने अँटनी व क्लिओपात्रा यांचा पराभव केला. मात्र रोमच्या नागरिकांना त्याची आठवण राहिली ती पाण्यामुळे.

इ. स. पूर्व ३३ मध्ये त्याने शहराचे जुने कालवे दुरुस्त केले आणि ‘अ‍ॅक्वा ज्युलिया’ हा नवा कालवा बांधला. त्याचे सर्वांत अवघड काम म्हणजे इ. स. पूर्व १९ मध्ये सुरू झालेला ‘अ‍ॅक्वा व्हर्गो’. शहराच्या पूर्वेकडील झऱ्यांपासून निघून, वळसा घालून उत्तरेकडून शहरात शिरणाऱ्या या कालव्याची लांबी सुमारे २१ किलोमीटर होती. त्याचा बहुतेक भाग भुयारी होता. झरे सखल भागात असल्याने उगमापासून शेवटापर्यंत उंचीतील फरक जेमतेम ४ मीटर होता. म्हणजे किलोमीटरमागे उतार सुमारे १९ सेंटिमीटर.

उतार जास्त झाला तर वेगवान पाणी कालव्याचा गिलावा खरवडते. कमी झाला तर गाळ बसतो. मध्येच जमीन उलट चढली, तर पाणी तेथेच तुंबते. म्हणून उतार अखेरपर्यंत सांभाळणे भाग होते.

त्या काळचा वास्तुतज्ज्ञ विट्रुव्हियस याने अशा मोजणीसाठी ‘कोरोबेटिस’ या उपकरणाचे वर्णन केले आहे. सुमारे ६ मीटर लांबीची फळी, दोन्ही टोकांना पाय, त्यांना सोडलेले ओळंबे आणि वाऱ्याने ओळंबे हलू लागल्यास पाहण्यासाठी माथ्यावर पाण्याची खोबण, अशी ही मोठी पाणसळच होती. तिच्या एका लांबीत व्हर्गोचा उतार जेमतेम १ मिलिमीटर भरतो. सगळा मार्ग अशा लांबीने मोजायचा तर ती सुमारे ३,५०० वेळा मांडावी लागेल. चुका कधी वर, कधी खाली झाल्या, तर त्या बऱ्याच अंशी एकमेकींना खोडतात. परंतु प्रत्येक वेळी एकाच दिशेने १ मिलिमीटरची चूक झाली, तर साडेतीन मीटरचा फरक पडतो. म्हणजे जवळजवळ सगळा उतारच नाहीसा होतो!

या कमी उंचीची किंमतही मोजावी लागली. व्हर्गोचे पाणी टेकड्यांवरील वस्त्यांना मिळू शकत नव्हते. ते प्रामुख्याने सखल मैदानातील वस्तीला आणि तेथे अग्रिप्पाने उभारलेल्या स्नानगृहाला पोहोचले.

कालव्यांच्या देखभालीसाठी अग्रिप्पाने स्वतःच्या मालकीच्या सुमारे २४० गुलामांचे पथक ठेवले होते. इ. स. पूर्व १२ मध्ये त्याच्या निधनानंतर ते ऑगस्टसकडे आले आणि त्याने ते राज्याच्या स्वाधीन केले. व्हर्गो मध्ययुगात मोडकळीस आला, तरी पंधराव्या व सोळाव्या शतकांत त्याची दुरुस्ती झाली. १७६२ मध्ये पूर्ण झालेले रोमचे प्रसिद्ध ट्रेव्ही कारंजे याच कालव्याच्या टोकाशी उभे आहे.