एका रेणूतला एकच गट बदलायचा कसा? हर्बर्ट ब्राऊन आणि दोन पांढऱ्या पावडरींची गोष्ट

1936 साली शिकागो विद्यापीठातून हर्बर्ट ब्राऊन पदवीधर झाले. त्यांची मैत्रीण सारा बेलेन हिला त्यांना काहीतरी भेट द्यायची होती. काळ मंदीचा, दोघांचेही खिसे रिकामे. तिने विद्यापीठाच्या दुकानातलं रसायनशास्त्राचं सगळ्यात स्वस्त पुस्तक उचललं. दोन डॉलरच्या आसपास किंमत असलेलं हे पुस्तक आल्फ्रेड स्टॉक या जर्मन शास्त्रज्ञाचं होतं. विषय होता बोरॉन आणि सिलिकॉन यांची हायड्रोजनबरोबरची संयुगं.

ब्राऊन यांनी ते वाचलं आणि बोरॉन हाच आपला विषय ठरवून टाकला. पुढे 1979 साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेही बोरॉनवरच्या कामासाठी. पण आज जगभरच्या प्रयोगशाळांत त्यांची आठवण रोज निघते ती एका साध्या पांढऱ्या पावडरीमुळे. तिचं नाव सोडियम बोरोहायड्राईड, म्हणजेच NaBH4.

दुकानातला मुलगा

ब्राऊन यांचा जन्म 22 मे 1912 रोजी लंडनमध्ये झाला. आईवडील युक्रेनमधून आलेले ज्यू. घराण्याचं मूळ आडनाव ब्रोवार्निक. हर्बर्ट दोन वर्षांचे असताना कुटुंब शिकागोला गेलं. वडिलांनी तिथे हार्डवेअरचं दुकान टाकलं. 1926 मध्ये वडील गेले आणि हर्बर्ट यांना शाळा सोडून दुकानात उभं राहावं लागलं. काही वर्षांनी ते शाळेत परतले. पुढे ज्या कॉलेजमध्ये प्रवेश घेतला, ते पैशांअभावी बंद पडलं. असे अडखळत ते विद्यापीठात पोहोचले.

तिथे प्राध्यापक हर्मन श्लेझिंगर यांच्याकडे त्यांनी पीएचडी केली. काम होतं डायबोरेन या वायूवर. आल्डिहाईड आणि कीटोन यांच्यावर डायबोरेन सोडला, की त्यांचं अल्कोहोल होतं, हे ब्राऊन यांनी दाखवलं.

इथे थोडं थांबून हा प्रकार समजून घेऊ. कार्बनला ऑक्सिजन दुहेरी बंधाने जोडलेला असेल, तर त्या जोडीला कार्बोनिल म्हणतात. त्यात हायड्रोजन घालून अल्कोहोल करणं म्हणजे क्षपण, म्हणजेच रिडक्शन. औषधं, सुगंधी द्रव्यं, जीवनसत्त्वं बनवताना ही पायरी वारंवार येते. ब्राऊन यांची पद्धत सौम्य आणि झटपट होती. तरीही 1939 च्या त्या शोधनिबंधाकडे फारसं कुणी वळलं नाही, कारण डायबोरेन तेव्हा अत्यंत दुर्मिळ होता. जगात मोजून एक-दोन प्रयोगशाळा तो बनवत होत्या, तोही अगदी थोडा.

युद्धाने दिलेलं रसायन

मग दुसरं महायुद्ध आलं. अमेरिकेला युरेनियमचं सहज वाफ होणारं संयुग हवं होतं. श्लेझिंगर आणि ब्राऊन यांनी युरेनियम बोरोहायड्राईड बनवलं. पण ते मोठ्या प्रमाणावर करायचं तर कच्चा माल स्वस्तात मिळायला हवा होता, आणि लिथियमचा तुटवडा होता. म्हणून त्यांनी सोडियमचा मार्ग शोधला. सोडियम हायड्राईड आणि ट्रायमिथाईल बोरेट सुमारे 250 अंश सेल्सिअसला तापवलं, की सोडियम बोरोहायड्राईड तयार होत होतं.

तोवर युरेनियमसाठी त्याची गरज उरली नव्हती. पण सैन्याच्या सिग्नल कोअरला त्यात रस होता. पाण्यात टाकून रणांगणावर हायड्रोजन वायू मिळवता येईल, असा हिशेब होता.

आता अडचण शुद्धीकरणाची होती. बोरोहायड्राईडबरोबर सोडियम मिथॉक्साईडही तयार होत होतं. दोन्ही वेगळे करायला एखादा द्रावक हवा होता. एकेक द्रावक तपासताना ॲसिटोनची पाळी आली. ॲसिटोन म्हणजे नेलपॉलिश काढायला वापरतात ते, आणि तेही एक कीटोनच. पावडर त्यात विरघळली, पण भांडं तापलं आणि जोरदार अभिक्रिया झाली. मिश्रणावर पाण्याची प्रक्रिया केल्यावर हाती आलं आयसोप्रोपिल अल्कोहोल. बोरोहायड्राईडच्या एका रेणूने ॲसिटोनच्या चार रेणूंचं क्षपण केलं होतं. द्रावक म्हणून ॲसिटोन बाद झालं, पण दुर्मिळ डायबोरेनचं काम आता बाटलीत ठेवता येणारी पावडर करणार होती. युद्धकाळातलं हे काम गोपनीय असल्याने ते प्रसिद्ध व्हायला 1953 उजाडलं.

जोरदार भाऊ

दरम्यान ब्राऊन 1943 मध्ये डेट्रॉइटला आणि 1947 मध्ये पर्ड्यू विद्यापीठात गेले. इकडे श्लेझिंगर यांच्याच गटाने बोरॉनच्या जागी ॲल्युमिनियम घालून लिथियम ॲल्युमिनियम हायड्राईड, म्हणजे LiAlH4 बनवलं. फिनहोल्ट, बाँड आणि श्लेझिंगर यांनी 1947 मध्ये ते जगासमोर आणलं.

दोघांची रचना सारखी, स्वभाव मात्र टोकाचे. ॲल्युमिनियमची हायड्रोजनवरची पकड बोरॉनपेक्षा सैल असते, त्यामुळे LiAlH4 हायड्राईड सहज देऊन टाकतं. शिवाय लिथियम कार्बोनिलच्या ऑक्सिजनला धरून ठेवतं आणि हल्ला आणखी सोपा करतं. परिणामी आल्डिहाईड आणि कीटोन तर जातातच, पण एस्टर, कार्बॉक्सिलिक आम्ल, अमाईड, नायट्राईल, नायट्रो, इपॉक्साईड यांपैकी कुणीही सुटत नाही. वाचतो तो सहसा एकटा असलेला कार्बन-कार्बन दुहेरी बंध.

सोडियम बोरोहायड्राईड साधारणपणे आल्डिहाईड, कीटोन आणि आम्ल क्लोराईड इथपर्यंतच हात घालतं. एस्टरमधला दुसरा ऑक्सिजन आपले इलेक्ट्रॉन कार्बोनिलकडे सरकवतो, त्यामुळे त्या कार्बनची हायड्राईडची भूक कमी होते. सौम्य बोरोहायड्राईडला तो नेहमीच्या परिस्थितीत दाद देत नाही.

एक उदाहरण करून पाहू

मिथाईल 4-ॲसिटाईलबेंझोएट या संयुगात बेंझिन कड्याच्या एका टोकाला कीटोन आहे आणि दुसऱ्या टोकाला एस्टर. समजा 1.78 ग्रॅम, म्हणजे 10 मिलिमोल, घेतलं.

फक्त कीटोन बदलायचा असेल, तर NaBH4. एक रेणू चार कार्बोनिलना पुरतो, म्हणजे हिशेबाने 2.5 मिलिमोल, जेमतेम 0.095 ग्रॅम पुरे. प्रत्यक्षात थोडं जास्त घेतात, कारण मिथेनॉलसारख्या द्रावकातही ते हळूहळू खर्च होतं. बर्फावर थंड ठेवून पावडर थोडी थोडी टाकायची. शेवटी कीटोनच्या जागी अल्कोहोल येतं आणि एस्टर शाबूत राहतो.

LiAlH4 वापरलं, तर कीटोनला एक आणि एस्टरला दोन असे तीन हायड्राईड लागतात. म्हणजे किमान 7.5 मिलिमोल, सुमारे 0.285 ग्रॅम. द्रावक कोरडा ईथर किंवा टीएचएफच हवा. पाणी किंवा अल्कोहोल आलं, की हायड्रोजन उसळतो आणि आग लागू शकते. शेवटी दोन्ही टोकांना अल्कोहोल असलेलं संयुग मिळतं.

काम बरोबर झालं का, हे इन्फ्रारेड आलेखावरून कळतं. कीटोनची खूण 1685 च्या आसपास आणि एस्टरची 1720 च्या आसपास दिसते. पहिली गेली आणि दुसरी राहिली, तर हवं ते झालं. दोन्ही गेल्या, तर एस्टरही गेला.

LiAlH4 च्या प्रयोगात खरी कसोटी शेवटी असते. उरलेलं रसायन मारण्यासाठी भांडं बर्फात ठेवून थेंब थेंब पाणी घालतात. नेहमीचं प्रमाण असं आहे: एक ग्रॅम LiAlH4 ला 1 मिली पाणी, मग 15 टक्के सोडियम हायड्रॉक्साईडचं 1 मिली द्रावण, मग 3 मिली पाणी. यातून ॲल्युमिनियमचा दाणेदार साका बसतो आणि तो सहज गाळता येतो. प्रमाण चुकलं, तर चिकट जेल होतं आणि हवा असलेला पदार्थ त्यातच अडकतो.

उलटं हवं असेल, म्हणजे कीटोन राखून एस्टर बदलायचा असेल, तर थेट मार्ग नाही. आधी इथिलीन ग्लायकॉल आणि थोडं आम्ल वापरून कीटोनला झाकतात. मग LiAlH4 चालवतात आणि शेवटी सौम्य आम्लाने झाकण काढतात.

मधली जागा

एक फारच सौम्य, दुसरं फारच जोरदार. मधल्या पायऱ्या कुठे आहेत, हाच ब्राऊन यांचा पर्ड्यूमधला प्रश्न बनला. एकीकडे त्यांनी बोरोहायड्राईडचा जोर वाढवला. सोडियमऐवजी लिथियम घेतलं, की तेच बोरोहायड्राईड एस्टरवरही चालतं. दुसरीकडे LiAlH4 ला लगाम घातला. त्यातल्या चारपैकी तीन हायड्रोजनच्या जागी तृतीयक ब्युटॉक्सी गट बसवले, की थंड तापमानात आम्ल क्लोराईडचं क्षपण आल्डिहाईडपाशीच थांबवता येतं.

याच शोधात 1956 साली त्यांचे भारतीय सहकारी बी. सी. सुब्बाराव बोरोहायड्राईडमध्ये ॲल्युमिनियम क्लोराईड घालून एस्टरांचं क्षपण तपासत होते. प्रत्येक एस्टरला दोन हायड्राईड लागायला हवे होते आणि लागतही होते. फक्त इथाईल ओलिएट सुमारे 2.4 हायड्राईड खात होतं. नमुना अशुद्ध असेल, असं आधी वाटलं. तो शुद्ध करून पुन्हा पाहिला, तरी आकडा तोच. ओलिएटमध्ये इतरांत नसलेली एक गोष्ट होती, कार्बन-कार्बन दुहेरी बंध. जो बंध वाचायला हवा होता, त्यालाच बोरॉन आणि हायड्रोजन जाऊन चिकटत होते.

ती वजाबाकी त्यांनी टाकून दिली असती, तर हायड्रोबोरेशन हाती लागलं नसतं. याच अभिक्रियेने ब्राऊन यांना नोबेलपर्यंत नेलं. त्या वर्षी ते जर्मनीच्या गेओर्ग विटिग यांच्यासोबत विभागून देण्यात आलं. सुब्बाराव पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत काम करू लागले.

ब्राऊन निवृत्त झाल्यावरही संशोधन करत राहिले. 19 डिसेंबर 2004 रोजी वयाच्या 92 व्या वर्षी त्यांचं निधन झालं. 1937 मध्ये ज्यांच्याशी लग्न केलं, त्या सारा तेव्हाही त्यांच्या सोबत होत्या.