ऑयलर आणि नैसर्गिक लॉगॅरिथम

शाळेत आपण वापरतो ती लॉगॅरिथमची कोष्टके दहा या आधारावर रचलेली असतात, आणि त्यात कोणास काही वावगे वाटत नाही. हाताची बोटे दहा, अंकही दहा. असे असता उच्च गणिताच्या ग्रंथांत २.७१८२८… अशा विचित्र, कधीही न संपणाऱ्या संख्येवर आधारलेल्या लॉगॅरिथमला नैसर्गिक म्हटलेले पाहून विद्यार्थी बुचकळ्यात पडतो. या नावाचे मर्म ज्याच्या ग्रंथात फार सुबोधपणे उलगडले आहे, त्या लिओनार्ड ऑयलर याच्या चरित्रातील काही भाग आम्ही येथे सांगणार आहोत.

ऑयलरचा जन्म १५ एप्रिल १७०७ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझेल या गावी झाला. त्याचे वडील धर्मोपदेशक होते. परंतु तरुणपणी ते याकोब बेर्नुली या विख्यात गणितज्ञाच्या व्याख्यानांस बसले होते. मुलाने आपलाच व्यवसाय पत्करावा अशी त्यांची इच्छा होती. याकोब १७०५ सालीच निवर्तला होता. त्याचा धाकटा भाऊ योहान बाझेलच्या विद्यापीठात गणित शिकवीत असे. योहानला खाजगी शिकवणीस सवड नव्हती. त्याने या मुलास कठीण ग्रंथांची नावे सांगितली आणि अडेल ते शनिवारी दुपारी येऊन विचारण्याची मुभा दिली. शनिवारी विचारावयाच्या शंका शक्य तितक्या थोड्या असाव्यात म्हणून ऑयलर आठवडाभर स्वतःच झगडत असे. अखेर योहाननेच वडिलांची समजूत घातली आणि मुलगा गणिताकडे वळला.

या याकोब बेर्नुलीने एक प्रश्न मागे ठेवला होता, आणि तो सावकारीतला होता. समजा, एक रुपया दरसाल दरशेकडा शंभर व्याजाने दिला. वर्षअखेर त्याचे दोन रुपये होतील. व्याज सहामाही आकारून मुद्दलात मिळविले तर सव्वादोन रुपये होतात. दर तिमाहीस आकारले तर २.४४१४, दरमहा आकारले तर २.६१३० आणि रोजच्या रोज आकारले तर २.७१४६. मग क्षणोक्षणी व्याज आकारले तर काय होईल? हप्ते n मानले तर रक्कम (1 + 1/n)ⁿ इतकी होते. येथे दोन चुकीची उत्तरे चटकन सुचतात. कोणी म्हणतो, कंसातील संख्या एकाजवळ जाते, आणि एकाचा कोणताही घात एकच. म्हणून उत्तर एक. दुसरा म्हणतो, घातांक अमर्याद वाढतो, म्हणून रक्कमही अमर्याद वाढेल. वस्तुतः या दोन ओढी एकाच वेळी चालू असतात आणि त्यांतून एक निश्चित सीमा निष्पन्न होते. कंसाचा द्विपद प्रमेयाने विस्तार करून n वाढवीत नेला की १ + १ + १/२ + १/६ + १/२४ + … ही श्रेढी मिळते. पहिल्या तीन पदांचीच बेरीज अडीच भरते. आता १/६ च्या जागी १/४, १/२४ च्या जागी १/८ अशी मोठी पदे घातली तरी एकंदर बेरीज तीनच होते. म्हणून सीमा अडीच आणि तीन यांच्या दरम्यान असली पाहिजे. याकोबने १६९० साली एवढे छापून प्रसिद्ध केले. परंतु त्या संख्येचा लॉगॅरिथमशी असलेला संबंध त्याने दाखविला नाही.

ऑयलर १७२७ साली रशियातील सेंट पीटर्सबर्गच्या विद्वत्परिषदेत दाखल झाला. तेथे १७३८ साली त्याचा उजवा डोळा निकामी झाला. १७४१ साली तो बर्लिनला गेला, आणि अनंत राशींच्या गणितावरील त्याचा जो ग्रंथ १७४८ साली लोझान येथे छापला गेला, तो याच बर्लिनच्या काळातील होय. आमच्या विषयाचे सार त्या ग्रंथाच्या सातव्या अध्यायात आहे.

तो आरंभ करतो अगदी साध्या गोष्टीपासून. कोणत्याही आधाराचा शून्य घात एक असतो. तेव्हा घातांक शून्याहून किंचित वाढविला तर उत्तरही एकाहून किंचितच वाढेल. ही वाढ घातांकाच्या किती पट असते, हे त्याने दहा या आधारासाठी कोष्टकावरून काढून दाखविले. १.०००००१ या संख्येचा लॉगॅरिथम ०.०००००० ४३४२९ आहे. म्हणजे घातांक एवढा असता वाढ झाली ०.०००००१, भागाकार केला की २.३०२५८ येतात. वाचकांनी हाच हिशेब शाळेच्या चार अंकी कोष्टकावरून १.००१ घेऊन केला, तर लॉगॅरिथम ०.०००४ दिसेल आणि उत्तर केवळ २.५ येईल, दोष पद्धतीचा नाही, कोष्टकाच्या तुटपुंज्या अंकांचा आहे. १.००१ चा अधिक अंकी लॉगॅरिथम ०.०००४३४०८ घेतला की उत्तर २.३०३७ येते.

आता आधार बदलून पाहू. आधार दोन घेतला तर हीच पट सुमारे ०.६९३ निघते, म्हणजे एकाहून कमी. दहासाठी ती एकाहून जास्त आहे. तेव्हा दोन आणि दहा यांच्या दरम्यान असा एक आधार असलाच पाहिजे की ज्यासाठी ही पट बरोबर एक असेल. म्हणजे अत्यल्प घातांक आणि त्याने होणारी वाढ ही दोन्ही सारखीच. त्या आधाराचा 1/n हा घात, n फार मोठा असता, जवळजवळ 1 + 1/n इतका होईल. मग तो आधार स्वतः केवढा? दोन्ही बाजूंचा n वा घात करावा: (1 + 1/n)ⁿ ची सीमा! सावकाराच्या वहीतील संख्या येथे आपोआप पुढे येऊन उभी राहिली. ऑयलरने तिला e हे अक्षर दिले आणि तिची किंमत २.७१८२८१८२८४५९०४५२३५३६०२८ अशी तेवीस दशांश स्थळांपर्यंत छापली.

आधार e घेतला की १.०००००१ चा लॉगॅरिथम ०.०००००१ हून नावापुरताच कमी भरतो. अन्य कोणत्याही आधारात प्रत्येक वेळी एक परका गुणक मध्ये येतो. दहाच्या आधारात तो २.३०२५८ आहे. तो आपण दहा हा अंक निवडल्यामुळे आलेला असतो, संख्यांच्या स्वभावामुळे नव्हे. नैसर्गिक हे विशेषण मात्र ऑयलरच्या जन्मापूर्वीचे आहे. मर्केटर याने १६६८ साली ते छापले होते. अपास्त नावाच्या वक्राखालील क्षेत्रफळ याच लॉगॅरिथमने, कोणताही गुणक न लावता, मोजता येते. y = 1/x हा वक्र काढून १ पासून e पर्यंतचे क्षेत्रफळ मोजले तर ते बरोबर एक भरते. ऑयलरने हेही नमूद केले आहे.

एक गोष्ट सांगितली पाहिजे. ऑयलर अनंत लहान राशी जणू हाताने उचलता येतात अशा विश्वासाने वापरतो. सीमेची काटेकोर मांडणी कोशी याच्या १८२१ च्या ग्रंथापासून सुरू झाली. n केवळ मोठा घेतल्याने भागत नाही, हे तर आजचे गणनयंत्रही दाखविते. n च्या जागी एकावर वीस शून्ये घातली की 1 + 1/n मधील शेपूट यंत्राच्या अंकांत मावत नाही आणि उत्तर सरळ १ येते.

१७६६ साली ऑयलर पीटर्सबर्गला परतला. लवकरच दुसऱ्या डोळ्याचीही दृष्टी गेली. तरी स्मरणशक्तीच्या बळावर तो मुलांना व साहाय्यकांना लेख सांगत राहिला, आणि १८ सप्टेंबर १७८३ रोजी निधन पावला. विशीच्या सुमारास तोफांच्या माऱ्याच्या प्रयोगांवर त्याने एक टिपण लिहिले होते. या संख्येसाठी e हे अक्षर त्याने त्यातच वापरलेले आढळते. ते टिपण मात्र छापून निघाले १८६२ साली.